‘निव्वळ एनपीए शून्य टक्के’ : बँकेच्या अहवालातला हा आकडा ठेवीदाराला काय सांगतो, काय नाही?

ऑगस्ट-सप्टेंबर हा नागरी सहकारी बँकांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम. अहवाल छापून येतात, वर्तमानपत्रात पानभर जाहिरात येते आणि शाखेच्या दारात फ्लेक्स लागतो. ठेवी इतके कोटी, नफा इतके कोटी, लाभांश इतके टक्के, ऑडिट वर्ग ‘अ’. त्यातच एक ओळ सगळ्यात ठळक अक्षरांत असते : ‘निव्वळ एनपीए ० टक्के’.

मुदत ठेवीची पावती नूतनीकरणाला घेऊन गेलेला माणूस ही ओळ वाचतो आणि समजतो, या बँकेचं एकही कर्ज थकलेलं नाही. आकडा खरा असतो, पण त्याचा हा अर्थ खरा नसतो. निव्वळ एनपीए शून्य असलेल्या बँकेत शंभरातले आठ-दहा रुपये अडकलेले असू शकतात. उलट निव्वळ एनपीए दोन टक्के असलेली बँक त्यापेक्षा भक्कम असू शकते.

म्हणून ठेवीदाराने अहवालात फ्लेक्सवरचा आकडा शोधू नये, त्याच्यामागचे दोन-तीन आकडे शोधावेत. ते छापलेले असतात. फक्त पहिल्या पानावर नसतात.

एनपीए म्हणजे नेमकं काय?

एनपीए म्हणजे ‘नॉन परफॉर्मिंग अ‍ॅसेट’. मराठी अहवालात त्याला अनुत्पादक कर्ज किंवा अनुत्पादक मत्ता म्हणतात. बुडायला आलेल्या कर्जाला ‘मत्ता’ का म्हणायचं, असा प्रश्न पडू शकतो. बँकेच्या ताळेबंदात तुमची ठेव हे बँकेचं देणं असतं, कारण ती तुम्हाला परत करायची असते. त्या ठेवीतून दिलेलं कर्ज हे बँकेचं येणं असतं, म्हणजे तिची मत्ता. ती मत्ता व्याज आणि हप्ते आणते तोवर ‘उत्पादक’. ते आणायची थांबली की ‘अनुत्पादक’.

थांबली हे कधी मानायचं, याचा नियम रिझर्व्ह बँकेने ठरवून दिला आहे. मुदत कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की ते खातं एनपीए होतं. समजा, एका दुकानदाराचा हप्ता ३१ मार्चला भरायचा होता आणि त्याने तो भरला नाही. २९ जूनचे व्यवहार संपेपर्यंतही तो भरला गेला नाही, तर त्या दिवशी खातं एनपीए ठरतं. पीक कर्जाला हा ९० दिवसांचा नियम नाही, तिथे पिकाच्या हंगामावरून मोजतात.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली, एनपीए होतं ते संपूर्ण कर्ज, फक्त चुकलेले हप्ते नाहीत. दुकानदाराचे तीन-चार हप्ते मिळून लाखभर रुपये थकले असतील आणि कर्जाची बाकी २० लाख असेल, तर एनपीएच्या यादीत २० लाख जातात. त्याच कर्जदाराचं त्याच बँकेत दुसरं कर्ज असेल तर तेही सोबत जातं. दुसरी, त्या दिवसापासून बँकेला त्या कर्जाचं न मिळालेलं व्याज उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. आधी दाखवलं असेल आणि प्रत्यक्षात हाती आलं नसेल, तर तेही उलटवावं लागतं. तुमच्या ठेवीवरचं व्याज मात्र बँकेला द्यावंच लागतं. एनपीएचा पहिला चटका नफ्याला बसतो, तो असा.

‘थकबाकी’ आणि ‘एनपीए’ हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात, पण ते एक नाहीत. ७० दिवस थकलेलं खातं थकबाकीत असतं, एनपीएत नसतं. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे, कारण ९० दिवसांच्या रेषेच्या अलीकडे खातं कसं ठेवलं जातं, यावरच बरंच काही अवलंबून असतं.

ढोबळ आणि निव्वळ : फरक कुठे पडतो?

अहवालात एनपीएचे दोन आकडे असतात. ढोबळ एनपीए म्हणजे थकलेल्या खात्यांची सगळी बाकी. त्यातून बँकेने बाजूला काढून ठेवलेली तरतूद वजा केली की उरतो तो निव्वळ एनपीए.

ही तरतूद नफ्यातून होते. कर्ज एनपीए झालं की त्यातला काही भाग बुडणार असं धरून बँकेला तेवढी रक्कम नफ्यातून वेगळी काढावी लागते. नागरी सहकारी बँकेत पहिल्या वर्षी हे प्रमाण १० टक्के असतं. वर्षानंतरही खातं सुधारलं नाही की ते ‘संशयित’ गटात जातं. मग तारणाने झाकल्या न गेलेल्या भागासाठी पूर्ण १०० टक्के आणि तारण असलेल्या भागासाठी वर्षागणिक वाढती तरतूद लागते. सहकारी बँकांच्या ताळेबंदात ही रक्कम ‘संशयित व बुडीत कर्ज निधी’ अशा नावाने दिसते. नियमापेक्षा जास्त तरतूद करायला बँकेला मुभा असते.

आता दोन काल्पनिक बँका घेऊ. दोघींनी प्रत्येकी १,००० कोटी रुपयांची कर्जं दिली आहेत.

बँक ‘क’ : ढोबळ एनपीए ८० कोटी, म्हणजे ८ टक्के. तरतूद ८० कोटी. निव्वळ एनपीए शून्य.

बँक ‘ख’ : ढोबळ एनपीए ३० कोटी, म्हणजे ३ टक्के. तरतूद १० कोटी. निव्वळ एनपीए २० कोटी. टक्केवारी काढताना एकूण कर्जातूनही तरतूद वजा करतात. म्हणून २० भागिले ९९०, म्हणजे साधारण २.०२ टक्के.

फ्लेक्सवर ‘क’ जिंकली. पण ‘क’ने दिलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी आठ रुपये अडकले आहेत आणि ‘ख’चे तीन. कर्ज देताना माणूस, धंदा आणि तारण पारखण्याचं काम कोणी नीट केलं, हे ढोबळ आकडा सांगतो. निव्वळ आकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो : झालेल्या चुकीची किंमत बँकेने आधीच भरून ठेवली आहे का?

‘क’च्या बाजूनेही बोललं पाहिजे. तिने संभाव्य तोटा पूर्ण पचवला आहे. उद्या ते ८० कोटी एक रुपयाही न येता बुडाले, तरी नव्याने खड्डा पडणार नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. म्हणजे शून्य निव्वळ एनपीए ही अर्धी चांगली बातमी आहे. तक्रार आहे ती तिला पूर्ण बातमी म्हणून छापण्याबद्दल.

बँका निव्वळ आकड्यावर एवढा भर का देतात, यामागे जाहिरातीखेरीज आणखी एक कारण आहे. नागरी सहकारी बँक ‘आर्थिकदृष्ट्या सक्षम व सुव्यवस्थापित’ ठरण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या ज्या अटी आहेत, त्यात निव्वळ एनपीए ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा ही एक अट आहे. तो ६ टक्क्यांवर गेला तर बँक सुधारणा कारवाईच्या कक्षेत येऊ शकते. नियामक निव्वळ आकड्यावर रेषा ओढतो, म्हणून बँक त्याच आकड्याकडे बघत चालते. ठेवीदाराला तसं चालून भागत नाही.

ठेवीदाराची फूटपट्टी : स्वनिधी

कर्ज बुडालं तर तोटा कोण सोसतं, याचा एक क्रम असतो. आधी चालू वर्षाचा नफा जातो. मग गंगाजळी, म्हणजे राखीव निधी. मग सभासदांचं भागभांडवल. हे सगळं संपलं की पाळी ठेवीदाराची. भागभांडवल आणि खरेखुरे राखीव निधी मिळून बँकेचा जो स्वतःचा पैसा असतो, त्याला अहवालात स्वनिधी किंवा नेटवर्थ म्हणतात. तुमच्या ठेवीच्या आणि बुडीत कर्जाच्या मधली भिंत ती हीच.

म्हणून निव्वळ एनपीए नुसता टक्क्यांत बघू नका, रुपयांत बघा आणि स्वनिधीशेजारी ठेवा. समजा ‘क’चा स्वनिधी ६० कोटी आहे आणि ‘ख’चा १५० कोटी. ‘ख’चे उरलेले २० कोटी पूर्ण बुडाले, तरी तिची भिंत १३० कोटींची राहते. ‘क’ची भिंत आजच ६० कोटींची आहे. पुढच्या वर्षी तिची आणखी ८० कोटींची कर्जं थकली आणि नफा तेवढा झाला नाही, तर ती भिंत किती दिवस उभी राहील, हा हिशेब कुणालाही करता येईल. फ्लेक्सवर हरलेली ‘ख’ ठेवीदारासाठी जास्त सुरक्षित आहे.

एनपीए खरंच कमी झाला की कमी दिसला?

‘गतवर्षी ६ टक्के असलेला ढोबळ एनपीए यंदा ४.८ टक्क्यांवर आणण्यात संचालक मंडळाला यश आले.’ अशा धाटणीचं वाक्य अध्यक्षांच्या मनोगतात अनेकदा वाचायला मिळतं. ते तपासायची जागा अहवालाच्या मागच्या पानांत असते. हिशेबपत्रकांना जोडलेल्या टिपांमध्ये, म्हणजे ‘नोट्स टू अकाउंट्स’मध्ये, वर्षभरातल्या एनपीएच्या चढउताराचा तक्ता असतो. आमच्या मते सामान्य ठेवीदारासाठी सबंध अहवालातला सर्वात कामाचा तक्ता हाच. एका काल्पनिक बँकेचा तो असा दिसेल :

- वर्षारंभी ढोबळ एनपीए : ६० कोटी
- वर्षात नव्याने झालेला एनपीए : ४५ कोटी
- वसुली आणि नियमित झालेली खाती : १० कोटी
- निर्लेखित कर्जं : ३५ कोटी
- वर्षअखेर ढोबळ एनपीए : ६० कोटी

६० मध्ये ४५ मिळवले, १० आणि ३५ वजा केले, पुन्हा ६०. रुपयांत काहीच कमी झालं नाही. मग टक्केवारी कशी उतरली? वर्षभरात बँकेची एकूण कर्जं १,००० कोटींवरून १,२५० कोटींवर गेली. १,००० वर ६० म्हणजे ६ टक्के, १,२५० वर ६० म्हणजे ४.८ टक्के. भागाकारातला खालचा आकडा वाढला, एवढंच. नव्याने दिलेलं कर्ज पहिल्या काही महिन्यांत सहसा थकत नाही, त्यामुळे झपाट्याने कर्जवाटप करणाऱ्या बँकेचा एनपीए काही काळ आपोआप देखणा दिसतो. त्या कर्जांची खरी परीक्षा दोन-तीन वर्षांनी होते.

दुसरी गोष्ट निर्लेखनाची. निर्लेखन म्हणजे कर्जमाफी नव्हे. कर्जदाराकडची वसुली चालूच राहते, त्याचं तारण सुटत नाही. पूर्ण तरतूद झालेलं जुनं कर्ज बँक ताळेबंदातून काढते, एवढाच त्याचा अर्थ. हे नियमात बसतं आणि यात गैर काही नाही. पण यामुळे एनपीएचा आकडा एका ठरावाने उतरतो, वसुली झालेली नसते. वरच्या तक्त्यात वर्षभरात कमी झालेल्या ४५ कोटींपैकी ३५ कोटी कागदावर कमी झाले. हाती आले किंवा पुन्हा नियमित झाले ते फक्त १० कोटी.

आणि तिसरी ओळ, जी मला सर्वात बोलकी वाटते : नव्याने झालेला एनपीए. वर्षाच्या सुरुवातीला असलेल्या १,००० कोटींच्या कर्जावर ४५ कोटी, म्हणजे एका वर्षात शंभरातले साडेचार रुपये नव्याने थकले. जुना एनपीए हा मागच्या चुकांचा साठा असतो. नवा एनपीए सांगतो की गळती अजून चालू आहे की थांबली. हा एक आकडा लागोपाठच्या तीन वर्षांच्या अहवालांतून काढून शेजारी-शेजारी लिहिला, तर अध्यक्षांचं मनोगत वाचलं नाही तरी चालेल.

बँकेचा आकडा आणि रिझर्व्ह बँकेचा आकडा

आतापर्यंत आपण धरून चाललो की बँकेने छापलेला ढोबळ आकडा बरोबर आहे. पण एनपीए कोण ठरवतं? आधी बँक स्वतः, मग तिचे लेखापरीक्षक. रिझर्व्ह बँकेचं पथक तपासणीला येतं ते नंतर. त्या तपासणीत कधी कधी निघतं की बँकेने ज्या खात्यांना नियमित म्हटलं, ती एनपीएच होती. या फरकाला ‘डायव्हर्जन्स’ म्हणतात, मराठीत वर्गीकरणातली तफावत म्हणू. ती ठराविक मर्यादेपलीकडे गेली तर अहवालाच्या टिपांमध्ये जाहीर करण्याचं बंधन रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घातलं. पुढे हे बंधन नागरी सहकारी बँकांनाही लागू झालं.

या टिपेचं मोल समजायला येस बँकेचं उदाहरण पुरेसं आहे. २०१५-१६ साठी या बँकेने ढोबळ एनपीए सुमारे ७४९ कोटी रुपये दाखवला होता, म्हणजे कर्जाच्या अवघा ०.७६ टक्के. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तोच आकडा सुमारे ४,९२६ कोटी निघाला. पुढच्या वर्षी, २०१६-१७ मध्ये, बँकेचा आकडा सुमारे २,०१९ कोटी होता आणि रिझर्व्ह बँकेचा सुमारे ८,३७४ कोटी. २०१७-१८ साठी तफावत शून्य निघाली आणि बँकेने ती अभिमानाने जाहीर केली. २०१८-१९ साठी पुन्हा ३,२७७ कोटींची तफावत निघाली.

५ मार्च २०२० रोजी बँकेवर निर्बंध आले आणि खातेदारांना ५० हजार रुपयांची मर्यादा लागली. स्टेट बँकेच्या पुढाकाराने बँक सावरली, निर्बंध काही दिवसांतच उठले आणि ठेवीदारांचे पैसे बुडाले नाहीत. पण पहिली तफावत छापून आली तेव्हापासून निर्बंधांपर्यंत जवळपास तीन वर्षं होती. ती माहिती गुप्त नव्हती. अहवालात होती, बातम्यांतही होती. मात्र ‘४,९२६ विरुद्ध ७४९’ म्हणजे काय, हे ठेवीदाराला त्याच्या भाषेत फारसं कुणी सांगितलं नाही. त्यात आम्ही माध्यमंही आलो.

एखाद-दुसऱ्या खात्यावरून बँक आणि तपासणी पथक यांच्यात मतभेद होऊ शकतात. छोटी तफावत म्हणजे घोटाळा नव्हे. पण रिझर्व्ह बँकेचा आकडा बँकेच्या आकड्याच्या कितीतरी पट निघत असेल आणि तेही एकापेक्षा जास्त वर्षं, तर त्या बँकेच्या पुढच्या अहवालातल्या एनपीएवर किती विश्वास टाकायचा, हे ठेवीदाराने ठरवावं.

जिथे अहवालही हात टेकतो

आता या सगळ्या पद्धतीची मर्यादा. महाराष्ट्रातल्या ठेवीदाराला ती माहीत असलीच पाहिजे, कारण तिचा सर्वात मोठा धडा मुंबईत, भांडुपमध्ये मुख्यालय असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेने, म्हणजे पीएमसी बँकेने दिला.

मार्च २०१९ अखेर पीएमसीच्या ठेवी ११,६०० कोटींच्या वर होत्या आणि कर्जं ८,३०० कोटींच्या वर. ढोबळ एनपीए ३.७६ टक्के, निव्वळ २.१९ टक्के. वर सांगितलेल्या कुठल्याही कसोटीवर हे आकडे घाबरवणारे नव्हते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि खातेदाराला सहा महिन्यांत मिळून फक्त १,००० रुपये काढता येतील असं जाहीर झालं. ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली.

मग जे उघड झालं ते असं : एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे बँकेचे साडेसहा हजार कोटी रुपयांहून अधिक अडकले होते, म्हणजे एकूण कर्जाच्या सुमारे ७३ टक्के. हप्ते थकले तरी ती खाती एनपीए दाखवली गेली नव्हती. रिझर्व्ह बँकेला दाखवायच्या याद्यांमध्ये या समूहाच्या ४४ मोठ्या खात्यांच्या जागी २१,०४९ छोटी बनावट खाती होती. छोटी खाती तपासणीत नजरेआड होतात, हे गणित त्यामागे होतं.

इथे ठेवीदाराला अहवालातून काय कळलं असतं? प्रामाणिक उत्तर : जवळपास काहीच नाही. एनपीए हा बँकेने कबूल केलेला आकडा असतो. कबुलीच खोटी असेल तर ढोबळ, निव्वळ, तरतूद, चढउतार ही सगळी खोट्यावर रचलेली बेरीज-वजाबाकी ठरते. रिझर्व्ह बँकेच्या पथकाला जे वर्षानुवर्षं सापडलं नाही, ते पावती हातात धरलेल्या निवृत्त शिक्षकाने शोधावं ही अपेक्षा क्रूर आहे.

तरीही या प्रकरणातून एक नजर घेता येते, ती एकवटलेपणाची. सर्वात मोठ्या २० कर्जदारांकडे एकूण कर्जाच्या किती टक्के रक्कम आहे, हे हल्लीच्या अहवालांतल्या टिपांमध्ये द्यावं लागतं. हजारो छोट्या कर्जदारांत विखुरलेलं कर्ज हळूहळू थकतं आणि एनपीए वर्षागणिक चढताना दिसतो. मूठभर मोठ्या नावांकडे एकवटलेलं कर्ज मात्र एका फटक्यात थकू शकतं, काल २ टक्के आणि उद्या २० टक्के. म्हणून हा आकडा मोठा असेल, तर कमी एनपीए पाहून निर्धास्त होऊ नका.

सभेत मत कोणाचं?

एवढं कळल्यावर साहजिक सुचतं, सभेत उठून प्रश्न विचारावा. इथेच नागरी सहकारी बँकांच्या रचनेतली एक विसंगती समोर येते. कर्ज घ्यायचं तर बँकेचं सभासद व्हावं लागतं, शेअर घ्यावे लागतात. ठेव ठेवायला सभासद असावं लागत नाही. वार्षिक सभेत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क सभासदाचा. म्हणजे कर्ज घेणाऱ्याला संचालक निवडण्यात मत आहे, आणि ज्याच्या पैशातून ते कर्ज जातं, त्याला केवळ ठेवीदार म्हणून ते नाही. लाभांश जाहीर झाला की सभागृहात टाळ्या वाजतात. नव्याने एनपीए किती झाला, हे विचारण्याची गरज ज्याला सर्वाधिक, तो ठेवीदार अनेकदा सभागृहाबाहेर असतो.

म्हणून मागणी साधी आहे. फ्लेक्सवर आणि जाहिरातीत निव्वळ एनपीए छापायचा असेल, तर त्याच आकाराच्या अक्षरांत ढोबळ एनपीए, वर्षातला नवा एनपीए आणि तपासणीत निघालेली तफावतही छापा. नवी माहिती गोळा करायची नाही. ती त्याच अहवालात आहे, फक्त मागच्या पानावरून पुढच्या पानावर आणायची आहे. रिझर्व्ह बँकेने हे बंधनकारक करायला हवं. तोवर सभासद असलेल्या ठेवीदारांनी तरी सभेत ते मागायला हवं.

तोवर काय करायचं?

बँकेच्या संकेतस्थळावरून किंवा शाखेतून अहवाल मिळवा. मनोगत आणि फोटो ओलांडून मागच्या टिपांकडे जा. ढोबळ एनपीए आणि त्याच्या चढउताराचा तक्ता तीन वर्षांचा बघा. निव्वळ एनपीएची रक्कम स्वनिधीशेजारी ठेवा. २० मोठ्या कर्जदारांचा वाटा आणि तफावतीची टीप शोधा. यासाठी सनदी लेखापाल असायची गरज नाही, तासभर पुरतो.

पण शेवटचा भरवसा या आकड्यांवर ठेवू नका, विम्याच्या मर्यादेवर ठेवा. बँक ठेवींना ठेव विमा महामंडळाचं, म्हणजे डीआयसीजीसीचं संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाख रुपये आहे. त्याआधी, म्हणजे पीएमसीवर निर्बंध आले तेव्हा, ते फक्त १ लाख होतं. या ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि त्याच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या तुमच्या नावावरच्या ठेवी एकत्र धरल्या जातात. पाच शाखांत पाच पावत्या केल्या म्हणून पाच विमे होत नाहीत. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आल्यास ही रक्कम साधारण ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. नाव आणि पाटी बँकेसारखी दिसली तरी नाही.

५ लाखांच्या वरची रक्कम किती महत्त्वाची ठरते, हेही पीएमसीच्याच ठेवीदारांनी अनुभवलं. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ५ लाखांपर्यंतच्या रकमेची सोय विम्यातून झाली. त्यावरची रक्कम टप्प्याटप्प्याने द्यायची ठरली आणि सर्वात मोठ्या ठेवींसाठी ती वाट १० वर्षांपर्यंत गेली. साठीत पेन्शनची पुंजी ठेवलेल्या माणसासाठी १० वर्षांनी मिळणारा पैसा आणि बुडालेला पैसा यांत फार अंतर उरत नाही.

अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याजासाठी एकाच बँकेत आयुष्याची कमाई ठेवण्याआधी म्हणूनच अहवालाची मागची पानं उलटायची. ती पाहून समाधान झालं तरीही ५ लाखांच्या वरची रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवायची. निव्वळ एनपीए शून्य असला तरी.